लघवीला फेस येतो, लघवी गढूळ किंवा दुधासारखी दिसते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्याच्या मोबाईलवर दर आठवड्याला कमोडचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते, "डॉक्टर, हे काय आहे?" फोटोवरून उत्तर देता येत नाही. पण त्यामागचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फेस येणं आणि लघवी गढूळ असणं ही एकच तक्रार आहे का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फेस लघवीच्या वर असतो, गढूळपणा लघवीच्या आत असतो. लघवीत तरंगणारे कण असले की ती गढूळ दिसते. हे कण क्षारांचे, पस सेल्सचे, जंतूंचे किंवा अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या पाण्याचे असू शकतात. प्रोटीन मात्र लघवीत विरघळलेलं असतं. त्यामुळे भरपूर प्रोटीन जाणारी लघवीसुद्धा काचेसारखी स्वच्छ दिसू शकते, फक्त तिला फेस येतो. थोडक्यात, फेस असेल तर प्रोटीनची शंका आधी घ्यायची आणि गढूळपणा असेल तर क्षार किंवा इन्फेक्शनची. तिसरा प्रकार खरोखर दुधासारख्या लघवीचा, तो अगदी वेगळा आहे (प्रश्न ११).

कमोडमध्ये बघून यातलं काहीच नीट कळत नाही. स्वच्छ, पारदर्शक बाटलीत लघवी घ्या आणि बाटलीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं स्पष्ट वाचता आली तर लघवी गढूळ नाही. लॅबमध्येही नजरेने असंच पाहतात.

२. कमोडमध्ये रोज फेस दिसतो. किडनी खराब झाली असेल का?

बहुतेक वेळा नाही. दादरहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये लघवी दाबून ठेवलेला माणूस घरी येऊन उभ्याने, जोरात लघवी करतो, तेव्हा पाण्यात हवा मिसळते आणि बुडबुडे येतात. दिवसभर पाणी कमी प्यायलं असेल तर दाट लघवीलाही थोडा फेस येतो. आणखी एक कारण कोणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे फ्लशच्या टाकीत टाकायची निळी वडी किंवा कमोडमध्ये राहिलेलं क्लीनर. त्यात साबणाचाच अंश असतो, मग फेस येणारच.

हवेचे बुडबुडे मोठे, विरळ असतात आणि बघता बघता फुटतात. प्रोटीनचा फेस ताक घुसळल्यावर वर येतो तसा बारीक आणि थरावर थर असतो. तो कित्येक मिनिटं टिकतो, एका फ्लशने जात नाही. चार-पाच दिवस क्लीनर बंद ठेवा, पाणी नीट प्या, शक्य असेल तर बसून लघवी करा. तरीही असा फेस रोज दिसत राहिला तर युरिन रुटीन करून घ्या. डायबेटिस, ब्लडप्रेशर, पायाला सूज किंवा घरात कोणाला किडनीचा आजार असेल तर हे चार-पाच दिवसही थांबू नका, थेट तपासणी करा.

३. सकाळची लघवी स्वच्छ होती, पण बाटलीत ठेवल्यावर गढूळ झाली. असं का?

लघवी थंड झाली की त्यात विरघळलेले युरेट नावाचे क्षार बाहेर पडतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात हे हमखास होतं, तळाला कधी विटेच्या भुकटीसारखा गुलाबी गाळही बसतो. बाटली कोमट पाण्यात धरली की तो विरघळतो. यात आजार काही नाही, पाणी कमी पडतंय एवढाच अर्थ. मात्र थेट अंगातून येतानाच लघवी गढूळ असेल तर पुढचे तीन प्रश्न वाचा.

४. भरपेट जेवल्यावर लघवी पांढरट होते आणि शेवटी चुन्याच्या निवळीसारखं काहीतरी जातं. हे काय?

जेवण पचवायला पोटात आम्ल तयार होतं, त्याच्या उलट बाजूने रक्त आणि लघवी काही तासांसाठी अल्कधर्मी होतात. अल्कधर्मी लघवीत फॉस्फेट विरघळून राहू शकत नाही, ते पांढऱ्या कणांच्या रूपात बाहेर पडतं. म्हणून दुपारी जेवल्यावर लघवी पांढरट आणि सकाळी स्वच्छ, असा खेळ दिसतो.

घरीही याची खूण पटते. पांढरट लघवीच्या बाटलीत पाच-सहा थेंब पांढरं व्हिनेगर टाका. फॉस्फेट असेल तर लघवी लगेच निवळते. पस सेल्स किंवा जंतू असतील तर ती गढूळच राहते. जुन्या लॅबमध्ये परीक्षानळीतली लघवी वरच्या भागात तापवून त्यात ॲसेटिक ॲसिड टाकत, त्यामागचं तत्त्व हेच. तापवल्यावर आलेला गढूळपणा ॲसिडने गेला तर फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन.

जळजळ, ताप, वारंवार लघवी यांपैकी काही नसेल तर फॉस्फेटला औषध लागत नाही. मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर मात्र डॉक्टरांना नक्की सांगा.

५. लघवीतून धातू जातोय, अशक्तपणा येईल का? लग्न ठरलंय.

हा प्रश्न मला मध्यरात्री येतो, नाव न सांगता. विचारणारे बहुतेक वीस ते तीस वयाचे तरुण असतात आणि खरोखर घाबरलेले असतात. म्हणून नीट सांगतो. लघवीच्या शेवटी जाणारा पांढरा पदार्थ बहुतेकांत फॉस्फेट असतो, वीर्य नसतो. वरची व्हिनेगरची चाचणी करून पाहा, बऱ्याच जणांची भीती तिथेच उतरते. संबंधानंतर, हस्तमैथुनानंतर किंवा स्वप्नदोष झाल्यावर पहिल्या लघवीत थोडं वीर्य येतं. शौचाला जोर केला की प्रोस्टेटमधला चिकट द्रवही येऊ शकतो. या कशानेही शरीरातली ताकद कमी होत नाही, हाडं पोकळ होत नाहीत आणि लग्नाला बाधा येत नाही. अशक्तपणा खराच जाणवत असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, साखर आणि झोप तपासायची. मन सतत धास्तावलेलं असेल तर त्यावरही उपचार आहेत. भिंतीवर जाहिराती लावणाऱ्यांची पुड्यांची औषधं घेऊ नका. काही पुड्यांमध्ये पारा किंवा शिसं असतं. पाऱ्याने किडनीची चाळणी बिघडून खरोखरचं प्रोटीन जाऊ लागतं.

दोन अपवाद आहेत. लघवी न करताही मार्गातून पिवळट पू येत असेल, जळजळ असेल आणि असुरक्षित संबंध आला असेल तर तो संसर्ग आहे. जोडीदारासह तपासणी हवी. दुसरा अपवाद प्रोस्टेटची गोळी घेणाऱ्यांचा. सिलोडोसिन किंवा टॅम्सुलोसिन चालू असताना, तसंच जुन्या डायबेटिसमध्ये, वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि संबंधानंतरची लघवी ढगाळ दिसते. त्याने इजा होत नाही, पण मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोला.

६. गढूळपणा इन्फेक्शनचा आहे हे कशावरून ओळखायचं?

गढूळपणापेक्षा सोबतच्या तक्रारींवरून. लघवी करताना जळजळ, थोड्या थोड्या वेळाने लागणं, लागल्यावर धरवत नाही असं होणं, ओटीपोटात दुखणं, कधी रक्ताची छटा. तपासणीत पस सेल्स वाढलेल्या आणि पट्टीवर नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर इन्फेक्शनची शक्यता बळकट होते. नायट्राइट निगेटिव्ह आलं म्हणून इन्फेक्शन नाही असं मात्र ठरत नाही, कारण काही जंतू ते तयारच करत नाहीत.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं किंवा उलट्या असतील तर संसर्ग किडनीपर्यंत पोचलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदर बाई, पुरुष, लहान मूल, कॅथेटर असलेला रुग्ण आणि वर्षात वारंवार इन्फेक्शन होणारे, यांच्यात अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरचा नमुना घ्यायचा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या दोन दिवस घेऊन मग लॅबला आलात तर कल्चर निगेटिव्ह येतं, ताप राहतो आणि कोणतं औषध चालेल हे आम्हाला कळत नाही.

७. त्रास काहीच नाही, पण रिपोर्टमध्ये पस सेल्स ८-१० आहेत. अँटिबायोटिक घ्यायचं का?

आधी नमुना कसा घेतला ते पाहू. घोडबंदर रोडवर सकाळी साडेसहाला घेतलेली लघवी लॅबच्या टेबलावर नऊला पोचली, तर मधल्या अडीच तासांच्या गरमीत जंतू वाढतात, पेशी फुटतात आणि लघवी नुसती उभी राहून गढूळ होते. नमुना दोन तासांच्या आत तपासला गेला पाहिजे. ते जमणार नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवून बर्फाच्या पाकिटासोबत न्या, किंवा सरळ लॅबमध्ये जाऊनच द्या.

घेण्याची पद्धतही महत्त्वाची. आधी जागा साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार लॅबने दिलेल्या डबीत घ्यायची. बायकांनी पाळी चालू असताना नमुना देऊ नये. रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्स भरपूर असतील तर पस सेल्स बहुधा बाहेरच्या त्वचेवरून किंवा पांढऱ्या पाण्यातून आल्या आहेत. अशा वेळी नमुना पुन्हा घ्यायचा.

त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी एरवी औषध लागत नाही. गरोदरपणात आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांच्या आधी मात्र द्यावं लागतं. वयस्कर आई-वडिलांच्या रिपोर्टवर नुसतं "बॅक्टेरिया" लिहिलेलं पाहून पुन्हा पुन्हा गोळ्या देणाऱ्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका.

८. रिपोर्टमध्ये प्रोटीन "ट्रेस" आहे किंवा "निल" आहे, पण फेस जात नाही. पुढे काय?

रुटीन तपासणीतली पट्टी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन किती दाट आहे एवढंच सांगते. पाणी भरपूर प्यायलं की प्रोटीन पातळ होतं आणि पट्टी फसते. म्हणून दुसरी तपासणी मागायची, युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. क्रिएटिनिन शरीरातून रोज साधारण ठराविक प्रमाणात जातं, त्यामुळे त्याच्याशी तुलना केली की पाणी किती प्यायलं याचा फरक बराचसा निघून जातो.

एक उदाहरण देतो, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ऐरोलीत आयटी कंपनीत काम करणारे ४४ वर्षांचे गृहस्थ, सहा वर्षांपासून डायबेटिस. दोन महिने फेस, क्लीनर बंद करूनही जाईना. लॅबमध्ये लघवी लागावी म्हणून त्यांनी सव्वा लिटर पाणी पिऊन नमुना दिला आणि पट्टीवर प्रोटीन निल आलं. रक्तातलं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे नॉर्मल. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याच लघवीचा एसीआर मागवला. अल्ब्युमिन लिटरला ८४ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन लिटरला ०.६ ग्रॅम. ८४ भागिले ०.६ म्हणजे १४०. नॉर्मल ३० च्या आत हवं. ३० ते ३०० म्हणजे किडनीची चाळणी गळू लागली आहे, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. पट्टीला मात्र हे दिसलं नाही, कारण तिला लिटरला साधारण १५० मिलिग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन असल्याशिवाय कळत नाही.

एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. पुढच्या दोन महिन्यांत त्यांचा सकाळच्या पहिल्या लघवीचा एसीआर दोनदा केला, १२५ आणि १३१. तीन महिन्यांत तीनपैकी दोन रिपोर्ट वाढलेले आले की निदान पक्कं धरतात. त्यांचं ब्लडप्रेशर १४८/९२ होतं आणि तेही त्यांना माहीत नव्हतं. टेल्मिसार्टन सुरू केलं, दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहिलं. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला, गुडघ्यासाठी रोज घेत होते ती पेनकिलर थांबवली. सहा महिन्यांनी एसीआर ५८ होता. फेस मात्र अजून अधूनमधून येतो. म्हणून फेस मोजत बसू नका, एसीआर मोजा.

टाइप २ डायबेटिस असलेल्या प्रत्येकाने निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी एसीआर करायचा, फेस असो वा नसो.

९. रिपोर्टमध्ये प्रोटीन आलं, पण आजार नाही, असं होतं का?

होतं. ताप असताना, पावसाळ्यात मॅरेथॉनसाठी जोरदार धावल्यावर किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना प्रोटीन तात्पुरतं वाढतं. ताप उतरल्यावर, किंवा जोराचा व्यायाम न करता दोन दिवस गेल्यावर तपासणी पुन्हा करायची.

उंच, सडपातळ कॉलेजवयीन मुलांत एक खास प्रकार असतो. दिवसभर उभं राहिल्यावर लघवीत प्रोटीन येतं, झोपून उठल्यावर येत नाही. झोपण्याआधी लघवी करून झोपायचं आणि उठल्या उठल्या पहिला नमुना घ्यायचा. तो स्वच्छ आणि दुपारचा वाढलेला असेल तर काळजी नाही.

आणि हमखास फसवणारी एक गोष्ट. जळजळीसाठी मेडिकलमधून घेतलेलं अल्कलायझर सिरप लघवी अल्कधर्मी करतं. मग फॉस्फेटने ती पांढरट दिसते (प्रश्न ४), वर पीएच ८ च्या पुढे गेला तर पट्टी प्रोटीन नसताना प्रोटीन दाखवते. सिरप चालू असेल तर लॅबमध्ये तसं सांगा.

जिमची प्रोटीन पावडर किंवा अंडी खाऊन लघवीत अल्ब्युमिन येत नाही. पावडर घेणाऱ्याला टिकणारा फेस येत असेल तर त्याचं कारण शोधायचं, पावडरवर ढकलायचं नाही.

१०. गरोदर बाईला किंवा लहान मुलाला फेस येत असेल तर?

या दोघांच्या बाबतीत थांबायचं नाही. विसाव्या आठवड्यानंतर फेस, चेहऱ्यावर-हातावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी ब्लडप्रेशर मोजा. १४०/९० किंवा जास्त असेल तर थेट प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात जा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

मुलांमध्ये सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसतात आणि संध्याकाळपर्यंत कमी होतात. बरेच पालक आणि कधी डॉक्टरही ॲलर्जी समजून थेंब देत राहतात. सोबत लघवीला फेस असेल, वजन भराभर वाढलं असेल, चड्डीचं इलॅस्टिक रुतत असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासा. मुलांतला हा नेफ्रोटिक सिंड्रोम बहुतेक वेळा स्टिरॉइडने आवरतो, पण तो पुन्हा उलटू शकतो, म्हणून लघवी घरी पट्टीने कशी तपासायची ते पालकांना शिकवतात.

११. लघवी खरोखर दुधासारखी पांढरी आहे, कधी त्यात जेलीसारख्या गुठळ्या येतात. हे काय?

हा कायल्युरिया असू शकतो. आतड्यातून शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या फाटून त्यांतलं दूधट पाणी मूत्रमार्गात शिरतं. आपल्याकडे याचं मुख्य कारण फायलेरिया, म्हणजे ज्या जंताने हत्तीपाय होतो तोच. तो घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांतून पसरतो. वाहिन्या खराब व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे लहानपण विदर्भात, बिहारमध्ये किंवा पूर्व उत्तर प्रदेशात गेलेल्या आणि आता तुर्भे-रबाळ्याला नोकरी करणाऱ्या माणसाला ही लघवी वीस वर्षांनीही दिसू शकते. पायाला सूज असलीच पाहिजे असं नाही.

याची ठळक खूण म्हणजे तेलकट-तुपकट जेवणानंतर पांढरेपणा वाढतो आणि उपवासाला किंवा साध्या वरण-भाताला कमी होतो. व्हिनेगरने ती निवळत नाही. लॅबमध्ये ईथर घालून हलवलं की चरबी त्यात जाते आणि लघवी साफ होते, शिवाय लघवीतलं ट्रायग्लिसराइड मोजता येतं. यात प्रोटीनही जातं, त्यामुळे पट्टी ३+ दाखवते आणि कोणी किडनीचा आजार समजून चुकीच्या वाटेने जाऊ शकतं. रात्रीच्या रक्तात जंत सापडले नाहीत तरी निदान रद्द होत नाही. तूप-तेल कमी करणं, फायलेरियाचं औषध आणि ते पुरलं नाही तर युरोसर्जनकडून वाहिन्या बंद करणारं द्रावण सोडणं, असे उपचार आहेत.

१२. एसीआरही नॉर्मल आहे, तरी टिकणारा फेस येतोच. आता?

वय कमी, ब्लडप्रेशर आणि साखर नॉर्मल, सूज नाही, सकाळच्या लघवीचा एसीआर दोनदा नॉर्मल आला असेल तर तो फेस सोडून द्या. पुढच्या वर्षी एकदा पुन्हा तपासा.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला फेसासोबत न जाणारी पाठदुखी, उतरत जाणारं हिमोग्लोबिन किंवा वाढणारं क्रिएटिनिन असेल तर एक गोष्ट राहते. मल्टिपल मायलोमा या आजारात जाणारं प्रोटीन अल्ब्युमिन नसतं. पट्टी आणि एसीआर दोन्ही फक्त अल्ब्युमिन पाहतात, म्हणून दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. तेव्हा लघवीतलं एकूण प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचा रेशो मागायचा. तो वाढलेला आणि एसीआर मात्र नॉर्मल, असा फरक दिसला तर रक्त आणि लघवीचं इलेक्ट्रोफोरेसिस व सीरम फ्री लाइट चेन्स ही पुढची तपासणी डॉक्टर लिहून देतील.